जुनी अकाउंट बंद करण्याआधी वेलकम मेल शोधा, तोवर मेलबॉक्स रिकामा करू नका

प्रश्न: माझं जीमेल २००८ सालचं आहे, साताऱ्यात कॉलेजला असताना काढलेलं. तेव्हा मित्रांच्या नादानं कुठं कुठं अकाउंट उघडली ते आता आठवत नाही. ती सगळी बंद करायची आहेत. मेलबॉक्सही भरलाय, म्हणून २०१५ च्या आधीचे सगळे मेल एकदम उडवणार होतो. पण एक जण म्हणाला, जुन्या वेलकम मेलवरनं अकाउंट सापडतात. खरं आहे का हे? आणि नेमकं कसं शोधायचं?

उत्तर:

खरं आहे, आणि म्हणूनच ते २०१५ च्या आधीचे मेल आत्ता उडवू नका. माझं सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी त्याच गाळ्यात बरीच वर्षं नेट कॅफे होता. तुमच्या वयाच्या कितीतरी मुलांनी माझ्यासमोर बसून ही अकाउंट उघडली, आणि आता तीच मंडळी ती बंद करायला येतात. त्यांतल्या ज्यांनी आधी मेलबॉक्स साफ केलेला असतो त्यांचं काम सगळ्यांत अवघड जातं. अकाउंट त्या साइटवर असतं, तुमच्याकडे असते ती फक्त त्याची पावती. पावती फाडली म्हणून दुकानातली उधारी मिटत नाही, उलट कुठल्या दुकानात उधारी आहे हेच कळेनासं होतं. शिवाय जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवसच राहतो, त्यानंतर तो परत मिळत नाही.

जागेचं काम वेगळं करा, ते सोपं आहे. गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. वेलकम मेल काही केबींचा असतो, असे हजार उडवले तरी मोठासा फरक पडत नाही. जागा खातात ती लग्नाचे फोटो, पीडीएफ आणि व्हिडिओ जोडलेले मेल. जीमेलच्या शोधपट्टीत एवढंच टाका:

```
has:attachment larger:10M
```

जे येतील ते बघून नको असलेले काढा. वेलकम मेलला सहसा काही जोडलेलं नसतं, त्यामुळे या चाळणीत ते जात नाहीत. जागा मोकळी होते आणि पुरावाही शाबूत राहतो.

आता मुख्य काम. ते मोबाइलवर करू नका, कॉम्प्युटरवर बसा आणि शेजारी एक वही घ्या. बहुतेक जण शोधपट्टीत `welcome` टाकतात, पाच-सहा मेल बघतात आणि झालं म्हणतात. पण त्या काळात प्रत्येक साइट पहिल्या मेलला वेलकम म्हणत नव्हती. कोणी पत्ता खरा आहे का ते विचारायची, कोणी अकाउंट चालू करण्यासाठी लिंक पाठवायची, कोणी नुसतं नोंदणी झाल्याचं कळवायची. म्हणून हे सगळे शब्द एकत्र शोधायचे:

```
in:anywhere before:2015/01/01 subject:(welcome OR confirm OR verify OR activate OR registration OR joining)
```

यातला `in:anywhere` हा तुकडा विसरू नका. तो नसेल तर जीमेल स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघत नाही. `OR` मोठ्या लिपीतच लिहायचा. जीमेल अख्खा शब्द शोधतं, तुकडा जुळवत नाही, त्यामुळे अर्धा शब्द टाकून उपयोग नाही. एखादी साइट तुम्ही मराठीत वापरली असेल तर नुसतं `स्वागत` टाकूनही एकदा बघा.

यादी लांबलचक येईल आणि तिच्यात एकाच साइटचे वीस-वीस मेल असतील. मी काय करतो ते सांगतो. एक साइट सापडली की ती वहीत लिहायची आणि शोधातून वजा करायची. म्हणजे पहिल्या पानावर फेसबुक आणि लिंक्डइन दिसले, तर त्याच शोधाच्या शेवटी हे जोडायचं:

```
-from:facebookmail.com -from:linkedin.com
```

फेसबुकचे मेल `facebookmail.com` या पत्त्यावरून येतात, `facebook.com` वरून नव्हे, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता प्रत्येक वेळी उघडून बघायचा. अशी एकेक साइट वजा करत गेलं की यादी आखडत जाते आणि तळाशी दडलेली नावं वर येतात. पूर्ण विसरलेलं अकाउंट सहसा या तळातच मिळतं, कारण त्याचे दोन-तीनच मेल आलेले असतात. यादी रिकामी होईपर्यंत हे करत राहा. तासाभराचं काम आहे, चिकाटीनं करायचं.

वेलकम मेल तुम्ही पूर्वी कधी उडवला असेल, तर त्याच साइटचे नंतरचे मेल उरलेले असतात: कोणी फोटोवर काही लिहिलं, कोणाचा वाढदिवस आहे, या आठवड्यात काय घडलं. ते शोधायला सोपी युक्ती म्हणजे त्या मेलच्या तळाशी असलेला शब्द:

```
in:anywhere before:2015/01/01 unsubscribe
```

इथे दुकानांच्या जाहिराती आणि नोकरीच्या साइटही येतील. त्या वजा करत चला.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. सापडलेला प्रत्येक मेल म्हणजे तुमचं अकाउंट, असं समजू नका. २००७ ते २०११ च्या सुमारास बऱ्याच साइट नवीन माणसाकडून त्याच्या मेलचा पासवर्ड घ्यायच्या आणि त्याच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना आमंत्रणं धाडायच्या. टॅग्ड नावाच्या साइटवर याच कारणासाठी २००९ साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी कारवाई केली होती. असे आमंत्रणाचे मेल तुमच्याकडेही असणार. त्यांत मित्राचं नाव असतं आणि ‘या, सामील व्हा’ असं आर्जव असतं. खऱ्या नोंदणीच्या मेलमध्ये तुम्ही स्वतः टाकलेलं नाव किंवा युजरनेम असतं आणि तुमच्या अकाउंटचा उल्लेख असतो. एकाच पाठवणाऱ्याकडून नुसती आमंत्रणंच आली असतील, तर बहुधा अकाउंट नाही. आमंत्रणानंतर युजरनेम असलेला मेल आला असेल, तर त्या दिवशी तुम्ही आत गेला होता.

पक्कं करायचं असेल तर त्या साइटवर जाऊन ‘पासवर्ड विसरलो’ करून बघायचं. इथे एक सक्त सूचना: जुन्या मेलमधली लिंक दाबू नका. एक तर ती कालबाह्य झालेली असते. दुसरं म्हणजे छोट्या साइट बंद पडल्यावर त्यांचं नाव दुसराच कोणी विकत घेतो, आणि तुम्ही पासवर्ड टाकायला भलत्याच माणसाच्या दारात उभे राहता. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, उघडलेलं पान त्याच साइटचं आहे का ते नीट बघा आणि मगच मेलचा पत्ता द्या. आजकाल बऱ्याच साइट ‘अकाउंट असेल तर मेल पाठवला आहे’ एवढंच सांगतात, असेल की नसेल ते सांगत नाहीत. म्हणून उत्तर साइटवर शोधू नका, मेलबॉक्समध्ये शोधा, आणि स्पॅमही बघा. अर्ध्या तासात काहीच आलं नाही, तर त्या पत्त्यावर अकाउंट नाही असं समजायला हरकत नाही.

मेल उघडलाच आहात तर त्यातून तीन गोष्टी वहीत उतरवा: तारीख, युजरनेम, आणि मेल कुठल्या पत्त्यावर आला तो. शेवटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच अडकतात. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात `to me` लिहिलेलं असतं आणि शेजारी छोटा त्रिकोण असतो. तो दाबला की मेल मुळात कोणाच्या नावे आला होता ते दिसतं. तुम्ही पूर्वी याहू किंवा रेडिफ वापरत असाल आणि तिथले मेल नंतर जीमेलमध्ये ओढून घेतले असतील, तर वेलकम मेल दिसतो जीमेलमध्ये, पण अकाउंट असतं याहूच्या पत्त्यावर. मग जीमेलचा पत्ता देऊन ‘पासवर्ड विसरलो’ करत बसलात तर काहीच येत नाही, आणि माणूस समजतो की अकाउंट नाहीच. ते असतं. असे मेल सरळ शोधायचे तर:

```
to:tumcha-juna-patta@yahoo.co.in
```

याहूचा मेलबॉक्स १२ महिने उघडला नाही तर ते आतलं सगळं काढून टाकतात. तेव्हा असा पत्ता निघाला, तर आधी तो मेलबॉक्स उघडतो का ते बघा, साइटकडे नंतर जा.

एक उदाहरण पूर्ण सांगतो म्हणजे कामाचा अंदाज येईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा गावभागातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात पाणी शिरलं. पासवर्ड लिहून ठेवलेली त्यांची वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. ती वाळवून त्यांनी जपून ठेवली होती, पण निळ्या शाईचा नुसता डाग उरला होता, एक अक्षर वाचता येत नव्हतं. पुढे दोन वर्षांनी त्या माझ्याकडे आल्या, कारण त्यांच्या नावानं नातेवाइकांना विचित्र मेसेज जात होते आणि ते कुठल्या अकाउंटवरून जातात हेच कळत नव्हतं. बाईंचा जीमेल मात्र चालू होता आणि त्यांनी आयुष्यात एकही मेल उडवलेला नव्हता. आमच्या दृष्टीनं ती सोन्याची खाण होती.

वर सांगितलेल्या पद्धतीनं वजा करत गेलो तर ३८ पाठवणारे निघाले. त्यांतल्या १४ जणांची नुसती आमंत्रणं होती, माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेली. ९ दुकानं आणि शिक्षणाच्या साइट निघाल्या, त्या बाईंनी ठेवायच्या ठरवल्या. ६ साइट जगातूनच गेलेल्या होत्या. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, सर्वसामान्यांचं गुगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. अशांच्या मेलवर वेळ घालवायचा नाही, वहीत काट मारायची आणि पुढं जायचं. राहिले ९, आणि खरं काम या नवांचं होतं.

पाच ठिकाणी जीमेलवर पासवर्ड बदलायची लिंक आली आणि आम्ही आत गेलो. विचित्र मेसेज पाठवणारं अकाउंट यातच निघालं. ते २०१० सालचं होतं, पासवर्ड सात अक्षरी, आणि तोच पासवर्ड त्यांनी त्या काळात सगळीकडे वापरला होता. एका ठिकाणची यादी फुटली की बाकीची कुलपं त्याच किल्लीनं उघडतात. त्यामुळे त्या अकाउंटचा पासवर्ड पहिल्यांदा बदलला, ते बंद करायचं काम नंतर केलं. तुम्हीही याच क्रमानं जा. बंद करण्याची मुदत लांब असते, तेवढे दिवस दार उघडं ठेवू नका.

दोन अकाउंट याहूच्या जुन्या पत्त्यावर होती आणि तो मेलबॉक्स केव्हाच गेलेला होता. त्यांतल्या एकाच्या वेलकम मेलमध्ये युजरनेमच्या खाली पासवर्डही सरळ अक्षरांत छापलेला होता. त्या काळी बऱ्याच साइट असं करायच्या. तो टाकला आणि अकाउंट उघडलं. अकरा वर्षं तो कोणी बदललाच नव्हता. असे मेल तुमच्याकडे निघाले तर त्यांना मी कामाचे म्हणतो आणि धोक्याचेही म्हणतो. अकाउंट बंद झाल्याबरोबर ते काढायचे, बाकीचे वेलकम मेल राहिले तरी चालतील.

दुसऱ्या याहूवाल्या अकाउंटचा मात्र नाद सोडावा लागला. साइटच्या मदत विभागाला आम्ही वेलकम मेलची तारीख, युजरनेम आणि याहूचा पत्ता लिहून पाठवला. त्यांनी त्याच याहूच्या पत्त्यावरून मेल करा असं उत्तर दिलं, आणि तो पत्ता तर उरलाच नव्हता. ते पान अजून तिथे आहे. त्यावर फक्त नाव आहे, फोटो नाही, गावही नाही, म्हणून बाईंनी ते तसंच राहू दिलं. सगळं मिटतंच असं नाही, आणि हे मी कोणालाही पहिल्याच दिवशी सांगतो.

आठवं अकाउंट त्यांचं नव्हतंच. मेल त्यांच्याच जीमेलवर येत होते, पण वेलकम मेलमध्ये नाव त्यांचं असूनही शहर पुण्याचं आणि जन्मसाल विशीतल्या मुलीचं होतं. आपल्याकडे एकाच नावाची आणि आडनावाची माणसं पुष्कळ, त्यात जीमेल पत्त्यातल्या टिंबांकडे बघत नाही. `a.b.patil` आणि `abpatil` हे जीमेलच्या लेखी एकच. कोणीतरी आपला पत्ता टाइप करताना चुकलं की तिचे मेल तुमच्याकडे येतात. असं अकाउंट ‘पासवर्ड विसरलो’ करून तुम्हाला सहज उघडता येईल, पण उघडू नका आणि बंद तर मुळीच करू नका. त्यात दुसऱ्या कोणाचे फोटो आणि बोलणं आहे. बऱ्याच साइटच्या मेलच्या तळाशी ‘हे अकाउंट माझं नाही’ अशा अर्थाची लिंक असते. नुकत्याच आलेल्या मेलमधली ती लिंक वापरावी, किंवा साइटच्या मदत विभागाला लिहावं. आम्ही लिहिलं, आणि पंधरवड्यात ते मेल थांबले.

नववं अकाउंट मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. वेलकम मेल होता, युजरनेम होतं, पण ‘पासवर्ड विसरलो’ केल्यावर कळलं की या अकाउंटला पासवर्डच नाही, ते फेसबुकच्या बटणावरून उघडलं होतं. आणि फेसबुक आम्ही अर्ध्या तासापूर्वी बंद करायला टाकलं होतं. सुदैवानं मुदत बाकी होती, म्हणून बंद करणं रद्द केलं, नवव्या साइटवर जाऊन तिचं अकाउंट काढलं आणि मग फेसबुक पुन्हा बंद करायला टाकलं. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्याच्या बटणावरून दुसरीकडे आत जाता येतं ते अकाउंट शेवटी. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये `Apps and Websites` नावाची जागा आहे, तिथे कुठल्या साइटना फेसबुक जोडलेलं आहे त्याची यादी मिळते. गुगलसाठी तशीच यादी `myaccount.google.com/connections` इथे असते. या दोन्ही याद्या वहीतल्या यादीशी ताडून बघा. वेलकम मेल न आलेल्या एक-दोन साइट इथे हमखास निघतात.

मेलही नाही आणि यादीतही नाही, अशा अकाउंटसाठी एक जागा राहते. `haveibeenpwned.com` ही साइट ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं २०१३ साली सुरू केली. तिथे मेलचा पत्ता टाकला की तो कुठल्या फुटलेल्या यादीत सापडला ते कळतं. लिंक्डइनची २०१२ साली चोरीला गेलेली यादी आणि मायस्पेसची २०१६ साली बाहेर आलेली यादी या दोन्ही तिथे आहेत. एखाद्या साइटचं नाव दिसलं तर बहुधा तिथे तुमचं अकाउंट होतं. पण नाव दिसलं नाही म्हणून अकाउंट नाही असं मात्र होत नाही, कारण ज्या साइटवर चोरी झालीच नाही ती या यादीत कशी येणार? आणि तिथे फक्त मेलचा पत्ता टाकायचा, पासवर्ड कुठेच टाकायचा नाही. जुना याहूचा पत्ताही टाकून बघा.

अकाउंटमध्ये शिरताना दोन ठिकाणी अडेल. पहिली जन्मतारीख. तेव्हा कॅफेत बसून घाईनं अकाउंट काढताना मुलं जन्मतारखेत हाताला येईल ते टाकायची, बऱ्याचदा १ जानेवारी. साइटनं ओळख पटवायला जन्मतारीख विचारली आणि खरी चालली नाही, तर त्या तारखेचा विचार करा. दुसरा मोबाइल नंबर. जुना नंबर बंद होऊन ९० दिवस झाले की कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. तुमचा कॉलेजचा नंबर आज कोणा अनोळखी माणसाकडे असेल, तर ओटीपी त्याला जाईल. ‘नंबरवर पाठवा’ ऐवजी ‘मेलवर पाठवा’ हा पर्याय निवडा. आत गेल्यावर तो जुना नंबर आधी काढून टाका, नाहीतर तुम्ही बंद करायच्या आतच कोणाला तरी आत शिरायची वाट राहते.

आत गेल्यावर लगेच बंद करू नका. आधी फोटो बघा. शिक्षिकाबाईंच्या एका अकाउंटवर त्यांच्या शाळेच्या सहलीचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेही नव्हती. माहिती उतरवून घ्यायची सोय असेल तर ती वापरा, आणि उतरवलेली फाइल उघडून बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. फाइल तयार व्हायला एखाद्या साइटला काही तास लागतात, तोवर दुसऱ्या साइटचं काम करा.

बंद करताना नीट वाचा, कारण दोन वेगळी बटणं असतात. एक अकाउंट झोपवतं, दुसरं काढून टाकतं. झोपवलेलं अकाउंट पुन्हा आत गेलं की जागं होतं, तुम्हाला ते नको आहे. काढून टाकायचं बटण सहसा आत खोल असतं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम काढायला टाकल्यावर ३० दिवस तुम्हाला निर्णय फिरवता येतो, आणि सगळी माहिती जायला सुरुवातीपासून ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, अकाउंट बंद केल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्या काळात चुकून आत गेलात तर ते परत चालू होतं. म्हणून त्या साइटचं ॲप मोबाइलमधून आधी काढा, घरातल्या जुन्या मोबाइलमधूनही. ‘खरंच बंद झालं का’ हे बघायला आत जाणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. बघायचं तर दुसऱ्याच्या ब्राउझरमधून तुमच्या पानाचा पत्ता टाकून बघा.

काही जुन्या साइटवर काढायचं बटणच मिळत नाही. तिथे नाव बदलून एखादं निरर्थक नाव टाकायचं, फोटो, गाव, शाळा आणि नंबर काढायचे, मग मदत विभागाला लिहायचं. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी आत तुमचं म्हणून काही उरत नाही. पण मेलचा पत्ता मात्र बदलू नका, नाहीतर ते अकाउंट तुमच्या हातातून कायमचं जाईल.

थोडक्यात क्रम असा: आधी मोठ्या फाइलींचे मेल काढून जागा करा. मग शोध, वजाबाकी आणि वही. मग प्रत्येक अकाउंटचा पासवर्ड बदला आणि जुना नंबर काढा, फोटो उतरवा, बंद करा. फेसबुक शेवटी. आणि जीमेलही बदलायचा विचार असेल, तर तो त्याच्याही नंतर, कारण सगळ्या चाव्या तिथेच येतात.

वहीत प्रत्येक साइटपुढे बंद करायला टाकल्याची तारीख लिहा आणि त्यापुढे मुदत संपायची तारीख. ती तारीख उलटली की जीमेलमध्ये त्या साइटचं नाव टाकून बघा. तुमची विनंती मिळाली असा मेल दिसेल आणि त्यानंतर नवीन काही आलेलं नसेल, तर तिचे जुने मेल, वेलकम मेलसकट, आता खुशाल उडवा. नवीन मेल आलेला असेल, तर ते अकाउंट अजून जिवंत आहे, तिचा वेलकम मेल जपून ठेवा. तुमच्या यादीत याहूच्या पत्त्यावरचं काही निघालं तर साइटचं नाव आणि वेलकम मेलचं साल एवढंच मला कळवा, पत्ता किंवा पासवर्ड लिहू नका. त्या साइटचा मदत विभाग ओळखीसाठी काय मागतो ते बघून पुढचं सांगतो.